पाचच वेळा पैसे काढले, तरी 27 रुपये 14 पैसे का कापले?

प्रश्न: "मी नाशिकच्या अंबडला कामाला आहे. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फ्री असतात असं ऐकलं होतं. मी मोजून पाचच वेळा पैसे काढले, तरी 27.14 रुपये दोनदा कापले गेले. त्यात एकदा तर फक्त 500 काढले होते. मशीनमधून पैसे पूर्ण आले, मग हे कोणी कापले आणि परत मिळतील का?"

मी नाशिकमध्येच बँकेत नोकरी करते. आधी काउंटरला होते, नंतर बरीच वर्षं एटीएमच्या रिकन्सिलिएशनला, म्हणजे मशीनने दिलेले पैसे आणि खात्यातून गेलेले पैसे यांचा मेळ घालण्याच्या कामाला. पासबुक उघडून, बोट ठेवून "हे बघा मॅडम, एक, दोन, तीन, चार, पाच" असं मोजून दाखवणारे ग्राहक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांची मोजणी बहुतेक वेळा बरोबर असते. फक्त ते जे मोजतात ते बँक मोजत नाही.

बँक पैसे काढणं मोजत नाही, व्यवहार मोजते. परक्या एटीएमवर नुसता बॅलन्स बघितला, मिनी स्टेटमेंट काढलं, तरी तो एक व्यवहार झाला आणि पाचातला एक गेला. रिझर्व्ह बँकेच्या नियमात फुकट व्यवहारांचा आकडा पैसे काढणं आणि बाकीची कामं दोन्ही धरून दिलेला आहे. आणि खरी अडचण पुढे आहे. बॅलन्स बघितल्याची ओळ पासबुकात येतच नाही, कारण त्यात एक पैसासुद्धा हलत नाही. त्यामुळे तुमच्या हातात जो कागद आहे त्यावरून ही मोजणी करताच येत नाही.

तुमच्या बाबतीत हेच झालं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. तुमची बँक कोणती, खातं कोणत्या प्रकारचं, त्या महिन्यात मुंबईला गेला होतात का, हे मला माहीत नाही, आणि त्यावर उत्तर बदलतं. ते पुढे सांगते. पण कारखान्यात काम करणारा माणूस, महिन्याच्या सुरुवातीला पगाराची वाट बघणारा, आणि गेटबाहेर दुसऱ्याच बँकेचं मशीन, एवढं म्हटलं की माझा पहिला संशय बॅलन्स बघण्यावरच जातो.

एक महिना मांडून दाखवते. हा कुणा एकाचा नाही, काउंटरवर जे नेहमी दिसतं त्यावरून मी रचलेला आहे. जुलै 2025 धरू. साधं बचत खातं, आणि सगळी मशीनं नाशिकमधलीच.

2 तारखेला संध्याकाळी सुट्टी झाल्यावर गेटजवळच्या परक्या बँकेच्या मशीनवर कार्ड घातलं, पगार आला का बघितलं. नव्हता आला. हा पहिला व्यवहार. 3 तारखेला पुन्हा बघितलं, पगार आलेला. हा दुसरा. घरभाडं आणि किराण्याला मिळून पंधरा हजार हवे होते, पण परक्या बँकेचं मशीन बहुतेक ठिकाणी एका वेळी दहा हजारांच्या वर देत नाही. म्हणून आधी दहा हजार काढले, लगेच पुन्हा कार्ड घालून पाच हजार. हे तिसरा आणि चौथा. बघा, महिन्याची 3 तारीखच आहे, माणूस मशीनसमोरून हललाही नाही, आणि पाचातले चार संपले.

8 तारखेला सिडकोत स्वतःच्या बँकेच्या एटीएमवरून तीन हजार काढले. हे या हिशोबात धरायचे नाहीत, स्वतःच्या बँकेचा कोटा वेगळा असतो. 12 तारखेला पुन्हा परकं मशीन. पहिल्यांदा पिन चुकला, दुसऱ्यांदा बरोबर टाकला आणि दोन हजार आले. चुकलेला पिन मोजत नाहीत, पैसे आले तो पाचवा. 17 तारखेला सातपूरला एका मशीनने कार्ड घेतलं, पिन घेतला, रक्कम विचारली आणि मग पैसे उपलब्ध नाहीत म्हणून कार्ड परत दिलं. हाही मोजायचा नाही.

आता 19 तारखेला नाशिकरोडला परक्या मशीनमधून एक हजार काढले. हा सहावा. 23 रुपये अधिक 18 टक्के जीएसटीचे 4 रुपये 14 पैसे, एकूण 27.14. 26 तारखेला परक्याच मशीनवर मिनी स्टेटमेंट काढलं, तो सातवा. अशा बिनपैशाच्या व्यवहाराला बऱ्याच बँका कमी दर लावतात. या खात्याला तो 11 रुपये आहे असं धरलं, तर जीएसटीसह 12.98. आणि 29 तारखेला खर्चाला पाचशे काढले, तो आठवा, पुन्हा 27.14.

महिनाअखेर पासबुक भरून आणलं तर परक्या एटीएमच्या ओळी किती दिसतील? दहा हजार, पाच हजार, दोन हजार, एक हजार, पाचशे. बरोबर पाच. आणि त्यांच्या मधेमधे दोनदा 27.14 आणि एकदा 12.98, एकूण 67 रुपये 26 पैसे. ग्राहकाला ती सरळसरळ लूट वाटते, कारण त्याच्या कागदावर पाचच्या वर काही नाही. दोन बॅलन्स आणि एक मिनी स्टेटमेंट मोबाइलवर बघितलं असतं, तर पैसे काढायच्या पाचही वेळा फुकटात बसल्या असत्या आणि हे सगळे 67.26 वाचले असते.

एक बारीक गोष्ट. बॅलन्स बघून लगेच त्याच दमात पैसे काढले तर तो एकच व्यवहार धरतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. प्रत्येक चौकशी तुमच्या बँकेच्या यंत्रणेपर्यंत वेगळा संदेश म्हणून जाते आणि वेगळी नोंदली जाते. पैसे काढल्यानंतर पावतीवर जी शिल्लक छापून येते तिला मात्र वेगळा व्यवहार धरत नाहीत, ती त्याच उत्तरासोबत आलेली असते. म्हणजे काढायचेच असतील तर आधी बॅलन्स बघायला जाऊ नका, काढा आणि पावती वाचा.

स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर मात्र बॅलन्स हवा तितक्या वेळा बघा. तिथले बिनपैशाचे व्यवहार फुकटच्या कोट्यात धरायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2019 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्याच परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांचंही आहे. मशीन बिघडलं, लाइन गेली, मशीनमध्ये नोटा नव्हत्या, पिन चुकला, असे व्यवहार मोजायचे नाहीत आणि त्यावर चार्जही लावायचा नाही. एक खड्डा मात्र उरतो. खात्यात पैसेच नव्हते म्हणून व्यवहार नाकारला गेला, तर त्यात मशीनचा किंवा बँकेचा दोष नाही, आणि अशा नकारावर बऱ्याच बँका वेगळा दंड लावतात. खात्यात आठशे असताना हजार मागितले, आले काहीच नाहीत, आणि वर चार्ज, असं होतं ते यामुळे. त्याची ओळ वेगळी असते, तिला जास्तीच्या व्यवहाराचा चार्ज समजू नका.

आता कोणी कापले ते. ज्या मशीनसमोर तुम्ही उभे होतात त्या बँकेने तुमच्या खात्याला हातही लावलेला नाही, तिला तो लावताच येत नाही. तुम्ही पाचशे मागितलेत, मशीनच्या बँकेने नॅशनल फायनान्शियल स्विच नावाच्या जाळ्यातून (ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं) तुमच्या बँकेला विचारलं, तुमच्या बँकेने खात्यातून पाचशे वजा करून होकार दिला, मशीनने नोटा दिल्या. त्या दिवसापुरते हे पाचशे मशीनच्या बँकेच्या खिशातून गेले. नंतर दोन्ही बँकांचा हिशोब होतो तेव्हा तुमची बँक तिला पाचशे देते, आणि वर वापराचं भाडं देते. या भाड्याला इंटरचेंज म्हणतात. 1 मे 2025 पासून पैसे काढल्यावर ते 19 रुपये आहे आणि नुसत्या चौकशीला 7 रुपये, कर वेगळा. त्याआधी 17 आणि 6 होतं.

म्हणजे तुमचे पहिले पाच व्यवहारही कुणाला तरी पैसे मोजायला लावतच होते. वर मांडलेल्या महिन्यात पगार आला का बघायला दोनदा कार्ड घातलं, तेव्हा त्या माणसाच्या बँकेने दोनदा सात सात रुपये भरले. फुकट याचा अर्थ एवढाच की ते भाडं बँकेने स्वतःच्या खिशातून दिलं. सहाव्यापासून ती तुमच्याकडून घेते. किती घ्यायचे याला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातली आहे. ती आधी 20 रुपये होती, 1 जानेवारी 2022 पासून 21 झाली, आणि 1 मे 2025 पासून 23. कर त्यावर वेगळा. म्हणून जुन्या पासबुकात 23.60 किंवा 24.78 दिसेल आणि आताच्यात 27.14. तुमच्या 27.14 मधले 4.14 सरकारकडे गेले, 19 मशीन लावणाऱ्याकडे, आणि उरलेले चार तुमच्या बँकेकडे.

पाचशेवरही तेवढाच चार्ज, याचं उत्तर यातच आहे. भाडं रकमेवर ठरत नाही, दर व्यवहाराला ठरलेलं आहे. जागेचं भाडं, एसी, लाइन, नोटा भरायला येणारी गाडी, हा खर्च तुम्ही पाचशे काढा की दहा हजार, मशीनवाल्याला तितकाच येतो. पण तुमच्या बाजूने बघितलं तर पाचशेवर 27.14 म्हणजे जवळजवळ साडेपाच टक्के, आणि दहा हजारांवर पाव टक्क्याच्या आसपास. मला विचाराल तर हा ठोक दर अन्यायाचाच आहे. थोडेथोडे पैसे काढणारा माणूस तसं करतो ते बहुधा खात्यात थोडेच असतात म्हणून, आणि सगळ्यात महाग पैसे त्यालाच पडतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात त्या आपल्याच शहरात, आणि इथल्याच माणसाला पाचशेची एक नोट पाचशे सत्तावीसला पडते.

मशीनने आधी सांगितलं का नाही, असं काउंटरवर हमखास विचारतात. त्याला माहीतच नसतं. तुमचा हा कितवा व्यवहार हे फक्त तुमच्या बँकेच्या यंत्रणेत मोजलं जातं, कारण आधीचे व्यवहार तुम्ही चार वेगवेगळ्या बँकांच्या मशीनवर केलेले असू शकतात. म्हणून स्क्रीनवर फार तर "तुमची बँक शुल्क आकारू शकते" अशा अर्थाची मोघम सूचना येते. ती पहिल्या व्यवहारालाही येते आणि आठव्यालाही, त्यामुळे कोणी वाचत नाही.

परकं मशीन ओळखायचं कसं, यात वरवर काही अवघड नाही, बाहेरचा फलक वाचायचा. घोळ होतो तो महामार्गावर आणि तालुक्याच्या गावांत, जिथे कुठल्याच बँकेचं नाव नसलेली खाजगी कंपन्यांची मशीनं असतात. इंडिकॅश, इंडिया वन वगैरे. यांना व्हाइट लेबल एटीएम म्हणतात. ती कुणाचीच नाहीत म्हणून आपलीही चालतील, असं वाटतं. ती तुम्हालाच काय, सगळ्यांनाच परकी आहेत, तिथला प्रत्येक व्यवहार पाचात धरला जातो. नोटा जमा करून घ्यायचं आणि द्यायचं अशी दोन्ही कामं करणारी जी मशीनं आहेत, त्यांतून पैसे काढले तरी हाच नियम.

आता मुंबई. नाशिककरांचं गणित सगळ्यात जास्त इथे चुकतं. एप्रिल 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढणं पूर्ण फुकट केलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पाच व्यवहारांची मर्यादा आली, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पाच हा आकडा पक्का बसला. पण 1 नोव्हेंबर 2014 पासून सहा महानगरांतल्या मशीनवर तो तीनवर आला. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. बाकी सगळीकडे पाचच. यात पुणे नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, पण नाही.

हे तीन की पाच, ते मशीन कुठे आहे यावर ठरतं, खातं कुठल्या शाखेत आहे यावर नाही. तुमची शाखा सिडकोत असली तरी दादरला परक्या मशीनमधून काढलेले पैसे महानगरातल्या तीनात जातात. उलट मुंबईच्या शाखेत खातं असलेला माणूस त्र्यंबकला दर्शनाला आला तर त्याला इथे पाचाचा नियम लागतो. मुंबईचे तीन आणि नाशिकचे पाच मिळून आठ, असा हिशोब मात्र करू नका. एकूण पाच, आणि त्यांतले महानगरात जास्तीत जास्त तीन, असं काही बँकांच्या दरपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे सोमवारी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन शुक्रवारी परतणारा माणूस मुंबईत चौथ्यांदा कार्ड घालतो तेव्हा, नाशिकमध्ये त्याने एकदाही मशीन वापरलं नसलं तरी, त्याला चार्ज लागतो. आपण महानगराच्या हद्दीत आहोत की बाहेर, हे ठाणे-कळव्याकडे नक्की कळत नाही. म्हणून प्रत्येक मशीनजवळ "मेट्रो" की "नॉन-मेट्रो" हे दिसेल असं लावायचं बंधन बँकांवर आहे. स्टिकर असतो किंवा स्क्रीनवर येतं.

आता जे तुमच्या खात्यावर अवलंबून आहे ते. तीन आणि पाच हे रिझर्व्ह बँकेने ठरवलेले कमीत कमी आकडे आहेत. बँक जास्त देऊ शकते, आणि पगाराच्या खात्यांना, मोठी शिल्लक ठेवणाऱ्यांना पुष्कळ बँका देतातही. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला दहा फुकट आणि तुम्हाला पाच, हे एकाच कारखान्यात होऊ शकतं. कंपनी बदलल्यावर काही महिने पगार जमा झाला नाही, तर पगाराचं खातं आपोआप साधं बचत खातं होतं आणि जास्तीची सवलत गुपचूप जाते. तुमचं खातं पगाराचं असेल तर हे आधी विचारा. दुसऱ्या टोकाला शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं. त्याला हा तीन-पाचचा नियम लागूच नाही. तिथे महिन्याला ठरावीक वेळा पैसे काढणं फुकट असतं, आणि त्या मोजणीत एटीएमही येतं. ज्येष्ठ नागरिकांचं, चालू खात्याचं बँकेबँकेला वेगळं. हे सगळं बँकेच्या सेवाशुल्काच्या दरपत्रकात असतं. दरपत्रक संकेतस्थळावर मिळतं, शाखेतही मागता येतं.

आता पैसे परत मिळतील का ते तपासू. शाखेत जाऊन "चार्ज का लावला" असं विचारलंत तर "लिमिट संपली" एवढंच उत्तर मिळेल आणि तिथेच विषय संपेल. त्याऐवजी त्या महिन्यातल्या कार्डच्या सगळ्या एटीएम व्यवहारांची यादी मागा, आणि बिनपैशाचे व्यवहारही त्यात हवेत असं सांगा. पासबुकाच्या छपाईत ते नसतात, पण कार्डच्या यंत्रणेत तारीख, वेळ आणि मशीनच्या क्रमांकासह असतात. शाखेला मुख्य कार्यालयातून मागवावी लागली तर दोन-चार दिवस लागतील. यादी आली की प्रत्येक ओळीला तीनच गोष्टी बघा. मशीन आपलं की परकं, व्यवहार पूर्ण झाला की फसला, आणि मशीन नाशिकचं की महानगरातलं. काही बँकांच्या स्टेटमेंटमध्ये आपलं-परकं हे ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांवरूनच कळतं, उदाहरणार्थ स्वतःच्या मशीनला `ATW` आणि परक्याला `NWD`.

तारखांकडे नीट बघा. मोजणी कॅलेंडरच्या महिन्याची असते, 1 तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत. पण चार्जची ओळ त्याच दिवशी पडेलच असं नाही. काही बँका व्यवहारासोबत कापतात, काही महिना संपल्यावर एकत्र. खात्यात शिल्लक नसेल तर चार्जची रक्कम पुढचा पगार जमा झाला की वसूल होते. त्यामुळे ऑगस्टच्या 3 तारखेला दिसणारे 27.14 हे जुलैचे असू शकतात, आणि ऑगस्टचे व्यवहार मोजत बसलात तर हिशोब कधीच जुळणार नाही. तुमचे पाच तुम्ही कोणत्या महिन्याचे मोजलेत आणि कापलेले पैसे कोणत्या महिन्याचे आहेत, हे आधी जुळवा.

यादीत खरंच पाचच व्यवहार निघाले, किंवा नोटा नसलेल्या मशीनचा व्यवहार मोजलेला दिसला, तर चार्ज परत मागायचा तुमचा हक्क आहे. तोंडी नको, लेखी द्या आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. अर्जात व्यवहाराची तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक आणि कापलेली रक्कम लिहा, तेवढं पुरतं. पावती जपून ठेवली असेल तर उत्तम, नसेल तर यादीतला क्रमांक चालतो. तक्रार तुमच्याच बँकेकडे करायची, मशीनच्या बँकेकडे नाही. तिथले कर्मचारी तुम्हाला परत पाठवतील आणि ते बरोबरच असेल.

पैसे खात्यातून गेले आणि मशीनमधून आलेच नाहीत, असाही एखादा व्यवहार यादीत सापडला तर तो वेगळा आणि मोठा मुद्दा आहे. ती रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत तुम्ही न मागता परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. त्यावर चार्ज लागला असेल तर तोही परत. लोक रक्कम परत आली की खूश होतात आणि हे शंभर रुपये बघतच नाहीत. दिवस मोजा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. 27 रुपयांसाठी एवढं कोण करणार, असं म्हणाल. बरोबर आहे, पण यंत्रणेतली मोजणी चुकली असेल तर ती एकाच महिन्यात एकदा चुकत नाही. मागच्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये अशा ओळी शोधून सगळ्यांची तक्रार एकाच अर्जात करा. आणि उलट, यादीत दोन-तीन बॅलन्स एन्क्वायरी निघाल्या तर अर्जाच्या भानगडीत पडू नका, कापलेले पैसे नियमाने गेले आहेत. बँकेच्या मिस्ड कॉल सेवेचा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा, पगार आला का ते तिथे बघा. आणि वरच्या उदाहरणातल्या पंधरा हजारांसारखी मोठी रक्कम काढायला थोडी वाट वाकडी करून तुमच्याच बँकेच्या मशीनवर जा. तिथे ती बहुधा एकाच वेळी मिळेल.